127 नंबरकडून आमच्या दूध संस्थेच्या क्लार्कदादांना

दादा, नमस्कार.

संस्थेत तुम्ही मला नावानं ओळखत असाल-नसाल, पण 127 म्हटलं की लगेच ओळखता. म्हणून वर तेच लिहिलंय. आभार तोंडी मानायला आले होते, पण काट्यावर रांग होती आणि तुम्ही "वहिनी, कॅन पुढं घ्या" म्हणालात. तेव्हा हे पत्र. उघड लिहितेय, कारण त्या आठवड्यात गावात "संस्थेनं 127 चं दूध खाल्लं" अशी कुजबूज झाली होती, आणि ती माझ्याच तोंडून सुटली होती.

11 ते 20 तारखेचं बिल हातात आलं तेव्हा मला ते कमी वाटलं. आमच्याकडं दोन म्हशी, सकाळ-संध्याकाळ मिळून दहा दिवसांत वीस वेळा दूध घालतो. बिलावर फक्त एकूण लिटर, सरासरी फॅट, कपात आणि रक्कम. मी डब्यातल्या पावत्या काढून बेरीज केली तर 112.4 लिटर झाले, आणि बिलावर 106.8. पैशात फरक 302 रुपये 40 पैसे. संस्थेत विचारलं तर उत्तर मिळालं, "संकलन आणि वाटप जुळलंय, तेरीज जुळलीय, चूक तुमच्या बेरजेत असेल." तुम्ही मात्र मान वर न करता एवढंच म्हणालात, "पावत्या घेऊन या. सगळ्या. हातानं लिहिलेल्या असतील त्यापण."

दुसऱ्या दिवशी दुपारी संकलन नसताना मी पावत्या टेबलावर ओतल्या आणि तुमच्यासमोर बसले. खरं सांगायचं तर तुम्ही काय लपवताय ते बघायला बसले होते.

तुम्ही आधी 302.40 ला नवानं भागलंत. पूर्ण भाग गेला. मग मला समजावलंत की दोन आकडे उलटे लिहिले गेले, 6.5 चे 5.6 झाले, तर फरकाला नेहमी नवानं भाग जातो. कारण एकाच आकड्याची किंमत दहापटीची एकपट होते किंवा एकपटीची दहापट, आणि दहातून एक गेला की नऊच उरतात. म्हणून एक तास तुम्ही माझ्या वीसही पावत्यांत उलटे आकडे शोधलेत. एकही सापडला नाही. तेव्हा तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात. माझ्या फॅटला बसलेला दर होता लिटरला 54 रुपये, आणि 54 ला मुळातच नवानं भाग जातो! म्हणजे कितीही लिटरचा घोळ असता तरी रुपयांनी तुम्हाला तीच खूण दाखवली असती. "चूक रुपयांत शोधत बसलो, दूध तर लिटरमध्ये येतं," असं स्वतःशीच पुटपुटलात. तो तास वाया गेला असं तुम्हाला वाटलं असेल. माझा संशय मात्र त्याच तासात गेला. लपवणारा माणूस स्वतःची चूक अशी समोरच्याला सांगत नाही.

मग तुम्ही लिटर घेतलेत. फरक 5.6. 56 ला नवानं भाग जात नाही, म्हणजे आकडे उलटे झालेले नाहीत. एखादी नोंद अख्खीच गेली असणार. पावत्यांत 5.6 शोधलं तर एकाच ठिकाणी सापडलं. 14 तारखेची संध्याकाळ. ती छापील पावती नव्हतीच, वहीच्या कागदाचा तुकडा होता. त्या संध्याकाळी पावसानं लाईट गेली होती, काटा आणि फॅटचं मशीन बॅटरीवर चाललं, पण कॉम्प्युटर बंद. म्हणून सगळं कच्च्या वहीत लिहिलं आणि सकाळी त्या वहीवरून कॉम्प्युटरात चढवलं.

तुम्ही कच्ची वही उघडलीत. 127 समोर 5.6 स्वच्छ लिहिलेलं. म्हणजे दूध आलं, मोजलं, लिहिलं. वहीतून कॉम्प्युटरात जाताना हरवलं. पण मग एकूण बेरीज कशी जुळली? तुम्ही सांगितलंत ते मला आजही पाठ आहे: "वहिनी, बेरीज जुळली म्हणजे दूध कुठंतरी चढलंय. कुणाच्या नावावर चढलं, ते बेरीज सांगत नाही." संघाच्या टँकरला गेलेलं दूध आणि आमच्या गावचं दूध दोन्ही बरोबरच होतं. चूक होती ती फक्त कप्प्याची.

आणि लगेच तुम्ही 172 चं पान काढलंत. 127 चे शेवटचे दोन आकडे उलटे. 14 च्या संध्याकाळी तिथं 5.6 लिटर बसलं होतं, माझ्याच फॅटसकट. त्यांची म्हैस तर दोन महिने भाकड आहे! अख्ख्या दहा दिवसांत त्यांच्या खात्यावर तेवढीच एक नोंद. त्यांना ते कळलं कसं नाही, हे मी विचारलं. त्यांची संस्थेकडं उचल बाकी होती, म्हणून ते पैसे हातात न जाता उचलीत वळते झाले. ज्याच्या हातात काही पडलंच नाही, तो तक्रार कशाची करणार? कॉम्प्युटरनं तरी अडवायचं होतं म्हणावं, तर 172 हा खरा सभासद, नंबर खरा, त्याला काय कळणार.

तुम्ही जुनी नोंद खोडली नाहीत. 172 ना बोलावून घेतलंत, वही दाखवलीत, आणि त्यांच्यासमोर त्यांच्या नावे 302.40 टाकून माझ्या खात्यात जमा केलेत, पुढच्या बिलात "14 सायं. चुकीची खतावणी दुरुस्त" अशी ओळ आली. त्यांची उचल तेवढ्यानं पुन्हा वाढली. ते हसून म्हणाले, "भाकड म्हशीनं दूध दिलं म्हणून मीच पेढे वाटले असते." मी मात्र खाली बघत होते.

आता लाईट गेली की तुम्ही वहीतल्या लिटरांबरोबर सभासदांच्या नंबरांचीही बेरीज करता, हे मी बघितलंय. पोरं हसतात, नंबरांची बेरीज कशाची? ना रुपये, ना लिटर. पण त्या दिवशी ती केली असती तर वहीत आणि कॉम्प्युटरात 45 चा फरक निघाला असता आणि सकाळीच सापडलं असतं. मी मध्येच शहाणपणा केला होता, की 127 चं 172 ला आणि 172 चं 127 ला असं दोन्ही उलटं चढलं तर? तुम्ही म्हणालात, "मग बेरीज गप्प बसेल. म्हणून एकेक ओळ टिक करायची ती करायचीच."

कुजबूज जिथं सुरू केली होती तिथं, म्हणजे नळावर, मी स्वतः जाऊन सगळं सांगितलंय. धाकटी म्हैस परवा व्यायली. पोराबरोबर किटलीत चीक पाठवतेय, घरी खरवस करा. किटली परत द्या. तिच्यावर रंगानं 127 लिहिलंय, तेवढं नीट वाचून.

तुमची,
127