‘दोन पट अधिक’ म्हणजे नेमके किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या बाजारभावाच्या पानावर एक ओळ होती : ‘सोलापुरात कांद्याचे दर गेल्या आठवड्यापेक्षा दोन पट अधिक.’ माझा भाचा मोहोळ तालुक्यात कांदा करतो. ती ओळ वाचून त्याने लगेच फोन केला. “मामा, मागच्या आठवड्यात हजार होता ना? त्याच्या दोन पट म्हणजे दोन हजार, ते अधिक झाले. मग तीन हजार भाव म्हणायचा का?” मी म्हणालो, “दोन हजार असेल रे.” ओळ एकच, आणि आम्हा दोघांच्या वाचण्यात क्विंटलमागे हजार रुपयांचे अंतर. दुसऱ्या दिवशी तो टेम्पो करून गोण्या घेऊन आला. अडत्याने पट्टी केली ती 1,900 च्या दराने. दर जवळजवळ दुप्पट झाला होता, एवढीच बातमी होती.

भाच्याची चूक नव्हती. वाक्य जसे होते तसेच त्याने वाचले.

मी सुताच्या पेढीवर चाळीस वर्षे हिशेब लिहिला. तिथे फरक आणि पट या दोन गोष्टी कधी एका वाक्यात कालवल्या नाहीत, कारण बोलीतच त्या वेगळ्या ठेवण्याची सोय आहे. फरक सांगायचा तर ‘पेक्षा’ किंवा ‘हून’ येते आणि फरकाच्या आकड्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लागते : थोरला धाकट्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, ही चादर त्या चादरीहून दोन इंचांनी रुंद, भाव शंभर रुपयांनी चढला. पट सांगायची तर ‘च्या’ येते आणि पुढे काही जोडावे लागत नाही : गेल्या वर्षाच्या दीडपट, त्याच्या तिप्पट, मागणीच्या निम्मा. ‘त्याच्यापेक्षा दुप्पट’ असेही आपण बोलतो आणि त्याने कुणाचा घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो ‘दुप्पट’च्या शेपटाला ‘जास्त’ किंवा ‘अधिक’ बांधल्यावर. ‘अधिक’ म्हटले की कान फरक शोधू लागतो, आणि हातात तर पट दिलेली असते.

हे शेपूट कुठून आले ते उघड आहे. इंग्रजीत ‘ट्वाइस अ‍ॅज मच’ म्हणतात, त्यात पट स्वच्छ आहे आणि मराठीत त्याला ‘दुप्पट’ हा एकच शब्द पुरतो. पण ‘टू टाइम्स मोअर दॅन’ असेही लिहितात. त्याचा अर्थ दुप्पट की तिप्पट, यावर इंग्रजीचे जाणकारसुद्धा वाद घालतात. बातमी भाषांतर करताना त्यातला ‘मोअर’ उचलून ‘अधिक’ केला की त्यांचा वाद आपल्या बाजारभावाच्या पानावर येऊन बसतो.

‘टॉलर दॅन’चेही तसेच. इंग्रजीला तुलनेसाठी विशेषणाचेच रूप बदलावे लागते. मराठीत ‘उंच’ हा शब्द जागचा हलत नाही. ज्याच्याशी तुलना करायची त्याला ‘हून’ किंवा ‘पेक्षा’ लावले की काम झाले : मुलगा बापाहून उंच. ‘बापापेक्षा अधिक उंच’ म्हणायची पाळी, बाप उंच आहे हे आधी सांगून मुलगा त्यावरही चढ आहे असे ठसवायचे असेल तेव्हाच. आमच्या पूर्व भागात तर हे समजावून सांगावे लागू नये. शेजारी तेलुगूत ‘कंटे’ म्हणतात, समोरच्या घरी कन्नडमध्ये ‘गिंत’ म्हणतात, आणि दोन्हीकडे विशेषण तसेच्या तसे राहते. तीन भाषा एका गल्लीत सारख्याच रीतीने तुलना करतात, आणि छापील मराठी मात्र चौथीच रीत धरते.

याहून मोठी अडचण ‘कमी’ची आहे. ‘उजनीत गेल्या वर्षीपेक्षा दोन पट कमी पाणी’ असे मी वाचले आहे. गेल्या वर्षीचा साठा एक धरा. त्यातून एक पट कमी केली की शून्य उरते. दोन पट कमी केली तर शून्याच्याही खाली जावे लागेल. दुसऱ्या एखाद्या धरणाबद्दल वाचणारा हे हसून सोडून देईल, पण उजनीचा उपयुक्त साठा संपून मृत साठ्यातले पाणी वापरू लागले की आकडा खरोखरच ‘उणे’ टक्क्यांत छापला जातो. ऊस उभा असलेल्या शेतकऱ्याने मग त्या ओळीचा काय अर्थ घ्यावा? लिहिणाऱ्याला फक्त ‘निम्मे’ म्हणायचे होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे पाढे पाठ केलेल्या भाषेला ‘निम्मे’ हा शब्द सापडू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सुताच्या धंद्यात या चुकीची किंमत मोजलेली मी पाहिली आहे. एका पौंडात 840 वारांच्या जितक्या लडी बसतात, तितका त्या सुताचा नंबर. म्हणजे 10 नंबरच्या सुताची पौंडात 8,400 वार लांबी आणि 20 नंबरच्या सुताची 16,800 वार. एका माहितीपत्रकात हे इंग्रजीवरून मराठीत आणताना ‘20 नंबरचे सूत 10 नंबरपेक्षा दुप्पट बारीक’ असे छापले होते. दुप्पट काय आहे? त्याच वजनातली लांबी. निम्मे काय आहे? तेवढ्याच लांबीचे वजन. धाग्याची रुंदी मात्र निम्मी होत नाही. वजन निम्मे म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ निम्मे, आणि क्षेत्रफळ निम्मे झाले तर रुंदी जेमतेम सात दशांशावर येते. जिथे 10 नंबरचे दहा धागे शेजारी-शेजारी बसतात, तिथे 20 नंबरचे चौदाच बसतील, वीस नाही. नव्याने माग घेतलेल्या एकाने ‘दुप्पट बारीक’वर भरवसा ठेवून ताण्याचे धागे दुप्पट केले. फणीत ते एवढे घासू लागले की दिवसभर तुटलेले धागे जोडण्यातच गेले. तिथे ‘त्याच वजनात दुप्पट लांबी’ एवढे चार शब्द लिहिले असते तर त्याचा ताणा वाचला असता. ‘बारीक’, ‘हलका’, ‘कमी’, ‘स्वस्त’ अशा उण्याकडे झुकलेल्या शब्दांना पट जोडली, की नेमके काय दुप्पट झाले ते वाचणाऱ्याला कळायचा मार्ग राहत नाही.

टक्क्यांतही ‘ने’ची तीच कामगिरी आहे. दर 100 टक्क्यांनी वाढला म्हणजे दुप्पट झाला, 200 टक्क्यांनी वाढला म्हणजे तिप्पट. ‘नी’ गाळून ‘दर 200 टक्के’ छापले तर तो दुप्पट ठरतो. एका अक्षरावर एवढे अवलंबून आहे.

माझी विनंती एवढीच, की बाजारभावाच्या पानावर ‘दोन पट अधिक’च्या जागी ‘दुप्पट’, ‘दोन पट कमी’च्या जागी ‘निम्मा’ लिहावे, आणि जागा असेल तेव्हा दोन्ही दर शेजारी-शेजारी द्यावेत : मागील आठवडा 1,000, आज 1,900. भाचा पुढच्या महिन्यात उरलेला कांदा काढणार आहे आणि दर तो आपल्याच पानावर बघतो.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस
पूर्व भाग, सोलापूर