आई-बाबा, सोमवारी मी नळावर बसणार आहे

आई, बाबा,

सविनय जयभीम.

परवा फोनवर बाबा एकदम गप्प झाले आणि आईने "जेवलीस का" विचारून विषय बदलला. तेव्हाच ठरवलं, हे बोलण्यापेक्षा लिहून पाठवायचं. फोनवर तुमचा आवाज ऐकला की मी निम्मं गिळते.

सोमवारी सकाळी आठ वाजता मी वस्तीतल्या बंद नळापाशी बसणार आहे. जमावबंदी लागू आहे आणि ती मोडणार आहोत हे आम्हाला ठाऊक आहे. आम्ही 22 जण आहोत, त्यांत 14 बायका. निर्णय झालेला आहे. तुम्हाला विचारत नाहीये, सांगते आहे, आणि हे वाक्य लिहिताना मला किती जड गेलं ते आईला कळेल.

बाबा, तुम्ही गप्प होण्याआधी एवढंच म्हणालात, "25 नोव्हेंबर 1949 विसरलीस का?" विसरले नाही. तुम्हीच पाठ करून घेतलं होतं, ओटीवर, कंदिलात. संविधान सभेत बाबासाहेब म्हणाले होते की घटनात्मक मार्ग उघडे असताना कायदेभंग, असहकार, सत्याग्रह यांचं समर्थन करता येणार नाही, ते अराजकाचं व्याकरण आहे. पण बाबा, त्या भाषणात एक अट आहे. मार्ग उघडे असताना. आणि त्याच्या लगेच आधी त्यांनी हेही सांगितलं होतं की घटनात्मक मार्गच उरले नव्हते, तेव्हा घटनाबाह्य मार्गांना पुष्कळ समर्थन होतं. म्हणजे आपला वाद त्या भाषणाशी नाहीच. वाद एवढाच, की इथला दरवाजा उघडा आहे की बंद.

हे ठरवताना मी सगळ्यात जास्त विचार केला तो आपल्याच महाडचा. मार्च 1927 चा नाही, डिसेंबरचा.

मार्चचं सगळ्यांना पाठ असतं. पण 20 मार्चला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं तेव्हा कायदा मोडलाच नव्हता, हे मला फार उशिरा उमगलं. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात 1923 मध्ये मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेनेही 1924 मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. मोडली ती रूढी. कायदा आपल्या बाजूने होता, फक्त कागदावर पडून होता. त्यानंतर माणसांची डोकी फुटली ती कायदा हातात घेणाऱ्या दुसऱ्या बाजूकडून.

ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये परिषद पुन्हा भरणार म्हटल्यावर विरोधक दिवाणी कोर्टात गेले आणि 14 डिसेंबरला त्यांनी तात्पुरता मनाई हुकूम आणला. 25 तारखेला हजारो माणसं जमली. त्यांतले पुष्कळजण तुरुंगात जायला तयार होते. त्या रात्री मनुस्मृती जाळली. म्हणजे धाडस कमी पडलं असं कुणी म्हणू शकणार नाही. आणि तरी 27 तारखेला बाबासाहेबांनी लोकांना समजावून तळ्यात उतरण्याचं थांबवलं. मिरवणूक निघाली, तळ्याभोवती फिरली, आणि कुणी पाण्याला हात लावला नाही.

आजोबांचे वडील त्या मिरवणुकीत होते. मी लहानपणी तुम्हाला विचारलं होतं, "मग प्यायले का नाहीत?" तुम्ही मला तळ्याच्या पायरीवर बसवून म्हणालात, मोठी झालीस की कळेल. मला वाटतं, आता थोडंसं कळतंय.

तो हुकूम कोर्टाचा होता आणि तात्पुरता होता. हक्काचा निवाडा अजून व्हायचा होता, आणि तो आपल्या बाजूने लागण्याची खरी शक्यता होती. तळं सार्वजनिक आहे हा मुद्दा पुराव्याने सिद्ध करण्यासारखा होता. हुकूम मोडला असता तर कालपर्यंत काठ्या घेऊन आलेले लोक एका दिवसात कायदा पाळणारे ठरले असते आणि सरकारलाही त्यांच्या बाजूला उभं राहावं लागलं असतं. दरवाजा उघडा होता म्हणून बाबासाहेब त्या दरवाज्यातून गेले. पण या संयमाची किंमत मी विसरत नाही. मुंबई हायकोर्टाचा अंतिम निकाल लागला 17 मार्च 1937 ला. दहा वर्षं. तेवढ्या काळात किती जणांचं आयुष्य तहानेतच संपलं असेल. थांबणं हे फुकट असतं असं मला कुणी सांगू नये.

आमच्या वकीलताईंनी याच्या उलटं उदाहरण दिलं. अमेरिकेत बर्मिंगहॅमला 1963 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्याविरुद्ध असाच कोर्टाचा मनाई हुकूम आला. त्यांनी तो मोडून मोर्चा काढला, अटक झाली. चार वर्षांनी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 अशा मतांनी शिक्षा कायम केली. म्हणणं एवढंच, की हुकूम चुकीचा असला तरी आधी तो रद्द करून घ्यायला कोर्टात जायला हवं होतं. किंग यांना खरंच पुन्हा तुरुंगात जावं लागलं. मला त्यांची कृती चूक वाटत नाही. तिथे कोर्टही वर्णभेद करणाऱ्या व्यवस्थेचाच भाग होतं. पण यातून एक गोष्ट मी पक्की केली आहे. सोमवारच्या आधी कोर्टाने आम्हाला बसू नका म्हटलं, तर मी बसणार नाही. हे मी गटातही सांगितलं आहे आणि त्यावरून दोघं नाराज आहेत.

पण आमच्यासमोर कोर्टाचा हुकूम नाहीच. वस्ती अनधिकृत आहे म्हणून अकरा महिन्यांपूर्वी नळ बंद केला. वस्ती अनधिकृत असली तरी तिथल्या माणसांना पाणी नाकारता येत नाही, असं मुंबई हायकोर्टाने 2014 मध्येच म्हटलं आहे. ते कागद जोडून आम्ही सात अर्ज दिले. याचिका दाखल आहे, तारखा पडताहेत. इथवर मी तुमच्या बाजूची होते बाबा, खरंच. मी लोकांना थांबवत होते. मग जमावबंदीचा आदेश निघाला. असा आदेश जास्तीत जास्त दोन महिने टिकतो. तो संपला की दुसऱ्या दिवशी तसाच नवा निघतो. हा चौथा. इथे दंगल नाही, मारामारी नाही, आहे ती पाण्यासाठी रांग. वारंवार तोच आदेश काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये म्हटलं आहे. मागच्या महिन्यात नऊ बायका निवेदन द्यायला निघाल्या, तर याच आदेशाखाली त्यांना फाटकावरून परत पाठवलं. बाबा, तुम्ही ज्याला घटनात्मक मार्ग म्हणता, त्या मार्गावरच हा आदेश आडवा घातला आहे. म्हणून मी तो मोडते आहे. पाण्यासाठी दुसरा कुठलाही कायदा मोडायची माझी तयारी नाही.

नळाचं कुलूप तोडायचं असं काही पोरांचं म्हणणं होतं, तेही रात्री. मी ठाम नाही म्हटलं. एक तर पाणीपुरवठ्याच्या मालमत्तेचं नुकसान केलं की 1984 चा कायदा लावू शकतात, त्यात किमान सहा महिने सक्तमजुरी आहे. आणि रात्री लपून केलं तर आम्ही आणि चोर यांत फरक काय राहिला? लपणारा माणूस कायद्यातून निसटू पाहतो. आम्हाला निसटायचं नाही, आम्हाला कायद्यासमोर उभं राहून विचारायचं आहे. म्हणून तारीख, वेळ आणि सगळ्यांची नावं लिहून पत्र अधिकाऱ्यांना आधीच दिलं आहे. रस्ताही अडवणार नाही. ज्यांचा काही दोष नाही त्यांची रिक्षा, त्यांचा दवाखाना का अडवायचा?

आता सगळ्यात भीतीची गोष्ट, शिक्षेची. आदेश मोडल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम 223 लागतं. जास्तीत जास्त सहा महिने साधी कैद किंवा 2500 रुपये दंड, किंवा दोन्ही. जिवाला, आरोग्याला किंवा सुरक्षिततेला धोका झाला किंवा दंगा झाला असं ठरलं तरच त्याहून जास्त, आणि आम्ही नुसते बसणार आहोत. कोर्टही त्या अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीशिवाय पुढे जाऊ शकत नाही. बहुतेक संध्याकाळी सोडतील असं वकीलताई म्हणतात, पण मी खोटा दिलासा देत नाही, आणखी काही कलमं लावू शकतात. मी तिथे होते, हे मी नाकारणार नाही. आदेशच चुकीचा होता, हे मात्र शेवटपर्यंत मांडणार. शाळेत मुख्याध्यापिकांना सांगून रीतसर रजा टाकली आहे. त्या काही बोलल्या नाहीत, पाण्याची बाटली मात्र पुढे केली.

आई, तू विचारायच्या आधीच सांगते. जाड सुती साडी नेसणार, पिशवीत टॉवेल, गोळ्या, चष्म्याची दुसरी जोडी, शेंगदाण्याचे लाडू. डोक्याला रुमाल बांधणार. रात्री ठेवलं तर बायकांना वेगळं ठेवावं लागतं, आणि आम्ही 14 जणी एकत्र आहोत. तू माझ्या तापात रात्रभर कपाळावर पट्ट्या बदलायचीस ना, तसा तुझा हात आत्ता हवा होता. बस, एवढंच. रडत नाहीये.

आता दोघांनी नीट ऐका. बाबा, शुगरची गोळी नाश्त्याच्या आधीची आणि नंतरची एकाच डबीत ठेवू नका, मी दोन डब्या आणून दिल्या आहेत, त्या वापरा. सोमवारी उपाशी राहून टीव्हीसमोर बसायचं नाही. आई, माळ्यावर चढू नकोस, डबे काढायला शेजारच्या पोराला हाक मार. गुडघ्याचं तेल कोमट करून लाव. न्हाणीघरातली फरशी निसरडी आहे, तिथे गोणपाट टाकायला दादाला दोनदा सांगितलं, त्याला तिसऱ्यांदा तूच सांग. तात्यांना यातलं काही कळवू नका, ते त्यांचं जुनं प्रकरण काढून बसतील आणि बाबांचं बीपी वाढेल.

सोमवारी माझा फोन बंद असेल. दुपारी दोनपर्यंत वकीलताई दादाला फोन करतील, दादा तुम्हाला. तोवर पोलीस ठाण्यात फोन करत बसू नका. आणि बाबा, तुम्हाला अजूनही मी चुकते आहे असं वाटत असेल, तर रविवारी रात्रीपर्यंत सांगा. मी ऐकेन. बसेन तरीही, पण तुमचं ऐकून बसेन.

गुढीपाडव्याला येते आहे. कोकम संपलंय, थोडं बाजूला काढून ठेवा.

तुमची,
सुमी