विषय: ऑलवेज-ऑन डिस्प्लेचे वेळापत्रक पाळले जात नाही, रात्री बॅटरी उतरते

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,

तुमचा ओएलईडी स्क्रीनचा फोन मी वापरतो. ऑलवेज-ऑन डिस्प्ले सकाळी ७ ते रात्री ११ आणि डार्क मोड सूर्यास्त ते सूर्योदय असे वेळापत्रक लावले आहे. अलीकडच्या अपडेटनंतर रात्री ११ उलटले तरी घड्याळ स्क्रीनवर तसेच राहते.

दोष कधी येतो ते मी शोधले आहे. संध्याकाळी बॅटरी सेव्हर सुरू झाला की ऑलवेज-ऑन डिस्प्ले बंद होतो, ते योग्यच. पण चार्जिंगनंतर सेव्हर बंद झाला की डिस्प्ले वेळापत्रकावर न येता कायमचा सुरू होतो. सेटिंगमध्ये मात्र ७ ते ११ असेच दिसते, त्यामुळे संशयही येत नाही. पडताळायचे असेल तर फोन उताणा ठेवा. पालथा ठेवला की सेन्सर डिस्प्ले बंद करतो आणि सगळे ठीक वाटते. असा उताणा ठेवलेला फोन आठ तासांत ९ टक्के उतरला. ऑलवेज-ऑन डिस्प्ले हाताने बंद केल्यावर तेवढ्याच वेळात ३ टक्के. वाय-फाय आणि बाकी सगळे तेच होते.

यावर तुमच्या प्रतिनिधीचे उत्तर असे की, रात्री डार्क मोड चालू असतो, म्हणून स्क्रीनमुळे बॅटरी जाणे शक्य नाही. हे तुमच्याच माणसाने म्हणावे! ऑलवेज-ऑन डिस्प्लेची पार्श्वभूमी मुळातच काळी असते, डार्क मोडने तिथे काहीच बदलत नाही. त्यात या अपडेटने घड्याळामागे अंधूक वॉलपेपर आपोआप सुरू केला आहे. ओएलईडीत काळा पिक्सेल विझलेला असतो, पण अंधूक चित्राचा प्रत्येक पिक्सेल थोडी का होईना वीज खातो.

डार्क मोडबद्दलही एक सांगायचे आहे. वेळापत्रकाच्या पानावर तुम्ही 'बॅटरी वाचवा' असे लिहिता. ओएलईडीवर ही बचत ब्राइटनेसवर अवलंबून असते. पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात ३० ते ५० टक्के ब्राइटनेसला ती सरासरी ३ ते ९ टक्केच भरली, पूर्ण ब्राइटनेसला ३९ ते ४७ टक्के. रात्री घरात ब्राइटनेस कमीच असतो. भर उन्हात तो टोकाला जातो, आणि नेमका तेव्हा तुमचा सूर्यास्ताचा पर्याय पांढरी स्क्रीन देतो. डोळ्यांसाठी तो पर्याय असू द्या, पण बॅटरीसाठी ब्राइटनेस ठरावीक पातळीच्या वर गेल्यावर डार्क मोड लागेल अशी सोय हवी.

माझ्या मागण्या: बॅटरी सेव्हर बंद झाल्यावर ऑलवेज-ऑन डिस्प्ले वेळापत्रकावर परत यावा आणि वॉलपेपर मुळात बंद असावा. दुरुस्ती कोणत्या अपडेटमध्ये येणार ते लेखी कळवावे. बॅटरी आलेखाचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. 'फॅक्टरी रीसेट करून पाहा' हे उत्तर कृपया पाठवू नये, ते करून झाले आहे.

आपला,
एक ग्राहक