वाघोलीच्या घरासाठी गिझर: श्रीनिवासला पत्र

पुणे

प्रिय श्रीनिवास,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेली न्हाणीघराची मापे आणि सोसायटीच्या पाण्याचा तपासणी अहवाल, दोन्ही नीट पाहिले. लहान न्हाणीघरासाठी किती लिटरचा गिझर घ्यावा, एवढेच तू विचारले आहेस. परंतु तो अहवाल वाचल्यावर मला वाटते की, तुझ्या बाबतीत जागेपेक्षा पाण्याचा विचार आधी करावा लागेल. टँकरचे आणि बोअरचे मिळून येणारे तुमचे पाणी चांगलेच जड आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे, आणि तुमचा आकडा तिच्या दुपटीहून अधिक आहे. (टीडीएसचे पेन बुडवून आलेल्या आकड्यावर विसंबू नकोस. ते एकूण विरघळलेले क्षार दाखवते, त्यांतले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वेगळे दाखवत नाही.)

३ लिटरच्या इन्स्टंट गिझरचा विचार तू सोडून द्यावास, असे माझे स्पष्ट मत आहे. तो स्वस्त आहे आणि कोपऱ्यात मावतो, हे खरे. पण ३००० वॅटची कॉइल थंडीत २० अंशांचे पाणी ४० अंशांपर्यंत तापवू लागली, तर मिनिटाला जेमतेम २ लिटर पाणी देते. म्हणजे १८ लिटरची बादली भरायला ८ मिनिटांहून अधिक वेळ लागतो. त्याहून मोठी अडचण अशी की, एवढी उष्णता लहानशा कॉइलमधून बाहेर पडत असल्याने तिचा पृष्ठभाग फार तापतो, आणि जड पाण्यातला चुना जिथे सर्वाधिक उष्णता असते तिथेच आधी साचतो.

आता १५ लिटरच्या, २००० वॅटच्या साठवणीच्या गिझरचा हिशेब पाहू. थर्मोस्टॅट ५५ अंशांवर ठेवला, तर टाकी तापायला सुमारे १८ मिनिटे आणि ०.६ युनिट वीज लागते. त्या १५ लिटरमध्ये थंड पाणी मिसळून ४० अंशांचे साधारण २६ लिटर पाणी मिळते, म्हणजे जवळजवळ दीड बादली. तुम्ही तिघे जण बादलीने आंघोळ करता आणि एकामागून एक करता. पहिल्याने पाणी घ्यायला सुरुवात करताच टाकीत येणारे थंड पाणी तापू लागते, त्यामुळे दोन आंघोळींमध्ये पाव तासाचे अंतर राहिले तरी पुरते. २५ लिटरचा गिझर शॉवरखाली रेंगाळणाऱ्यांसाठी ठीक आहे. तुमच्याकडे तो जागा अडवेल, आणि रोज उरलेले गरम पाणी टाकीत निवत राहील. तारांकन पाहताना एवढे ध्यानात ठेव की, साठवणीच्या गिझरवरचे तारे तापवण्याचा वेग दाखवत नाहीत; टाकीतली उष्णता नुसती उभी राहून किती कमी वाया जाते, ते दाखवतात.

कॉइलविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण दुकानात या गोष्टीवर सर्वांत कमी बोलले जाते. कॉइलवर चुन्याचा थर बसला की विजेचे बिल फार वाढते, असे सर्रास सांगतात. वास्तविक कॉइल पाण्यात पूर्ण बुडालेली असल्याने तिची उष्णता शेवटी पाण्यातच जाते. नुकसान कॉइलचे होते: थरामुळे उष्णता पटकन बाहेर पडत नाही, आतली तार आणि वरची धातूची नळी अधिकाधिक तापते, आणि एके दिवशी नळीला चीर पडून पाणी आत शिरते. गिझर तापताना किटलीसारखा सूं सूं किंवा तडतड आवाज करू लागला, तर थर बसला असे समजावे. आणि गिझर लावताच घराचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, पडू लागला, तर कॉइल बहुधा फुटली आहे. साध्या तांब्याच्या नळीपेक्षा इन्कोलॉय या निकेलयुक्त मिश्रधातूची नळी अशा पाण्यात जास्त टिकते. काचेचा लेप दिलेली कॉइलही मिळते, तिच्यावर थर कमी चिकटतो. मात्र ६० अंशांच्या वर चुना झपाट्याने साचू लागतो, म्हणून थर्मोस्टॅट पन्नाशीत ठेवणे हा कोणत्याही लेपाहून स्वस्त उपाय आहे.

टाकी काचेचे अस्तर असलेली घे. तिच्यात मॅग्नेशियमची एक कांडी असते. अस्तराला कुठे सूक्ष्म भेग असली, तर पोलादाऐवजी ती कांडी झिजते. तुमच्या पाण्यात ती लवकर संपेल, म्हणून दरवर्षी उघडून पाहावी. आणि इथे तुझ्या न्हाणीघराचा प्रश्न येतो. उभ्या गिझरची कॉइल आणि कांडी खालच्या बाजूने बाहेर काढतात. गिझर माळ्याच्या फळीवर टेकवून बसवला, तर कॉइल काढण्यासाठी दर वेळी अख्खा गिझर उतरवावा लागेल. खाली फूटभर तरी मोकळी जागा हवी. शिवाय भरलेला गिझर २५ किलोच्या घरात जातो, आणि तुमच्या भिंती सिपोरेक्सच्या हलक्या, सच्छिद्र ठोकळ्यांच्या आहेत. तिथे साधे फास्टनर सैल पडतात, आरपार बोल्ट घ्यावे लागतात.

सुरक्षिततेसाठी थर्मोस्टॅट आणि त्याच्याखेरीज वेगळा थर्मल कटआउट असावा, टाकी ८ बार दाबाची असावी आणि गिझरवर आयएसआयचे चिन्ह असावे. तुमच्या गच्चीवर प्रेशर पंप आहे, म्हणून दाबाचा मुद्दा सोडू नकोस. खरी फसगत सेफ्टी व्हॉल्व्हपाशी होते. थंड पाण्याच्या नळीवर बसवलेल्या त्या व्हॉल्व्हमधून तापताना थेंब थेंब पाणी गळते, आणि प्लंबर ते गळके समजून तोंड बंद करून टाकतात. १५ लिटर पाणी तापल्यावर साधारण पेलाभर फुगते. व्हॉल्व्हमधली एकमार्गी झडप ते पाणी मागे जाऊ देत नाही, म्हणून त्याला बाहेर पडायला वाट लागते. त्या तोंडाला बारीक नळी जोडून ती मोरीकडे सोडावी. १६ अँपिअरच्या सॉकेटला स्वतंत्र तार आणि चांगले अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून मोजून घे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल, तर गिझर येण्याआधी तो बसवावा.

ब्रँडबाबत माझा कोणा एकासाठी आग्रह नाही. रॅकोल्ड, ए. ओ. स्मिथ, बजाज, क्रॉम्प्टन, हॅवेल्स हे सारे १५ लिटरचे गिझर करतात. रॅकोल्डचा कारखाना चाकणला आहे, पण त्यावरून वाघोलीत माणूस लवकर येईल, असे मी गृहीत धरणार नाही. त्यापेक्षा खरेदीआधी प्रत्येक कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन करून विचार की, या मॉडेलची कॉइल, गॅस्केट आणि कांडी पुण्यात साठ्याला आहे का, कॉइल बदलायचा एकूण खर्च किती, आणि जड पाण्यामुळे कॉइल गेली तर वॉरंटी लागू होते का. टाकीवरची मोठी वर्षे पाहून भुलू नकोस. कॉइलची आणि सुट्या भागांची मुदत वेगळी आणि कमी असते, ती कार्डावर वाच. सेफ्टी व्हॉल्व्ह कंपनीच्याच माणसाकडून बसवून घे, कारण तो न बसवल्यास काही कंपन्या टाकीची वॉरंटी नाकारतात.

माळ्याच्या खालच्या कडेपासून नळापर्यंतचे अंतर तुझ्या मापांत आलेले नाही. तेवढे मोजून कळव, म्हणजे उभा बसेल की आडवा घ्यावा लागेल हे सांगता येईल. आडव्यात थंड आणि गरम पाणी लवकर मिसळते, म्हणून शक्य तोवर उभाच बरा. वहिनींना नमस्कार, चिरंजीवांस आशीर्वाद.

तुझा,
माधव