पाऊस पडला की नाही?

महोदय,

आर. के. नारायण यांची ‘द गाइड’ (१९५८) नुकतीच पुन्हा वाचली आणि लगेच विजय आनंद यांचा १९६५ चा ‘गाइड’ पाहिला. मालगुडीऐवजी राजस्थान आले, हा बदल डोळ्यांत भरतो. पण खरा बदल नायिका रोझीच्या नवऱ्यामध्ये, मार्कोमध्ये आहे.

कादंबरीतला मार्को लेण्यांत बुडालेला, बायकोकडे लक्ष नसलेला, पण व्यभिचारी नाही. गाइड असलेल्या राजूशी तिचे संबंध आहेत हे कळल्यावर तोच रोझीला सोडून जातो. चित्रपटात मात्र रोझी त्याला परस्त्रीबरोबर पाहते आणि स्वतः घर सोडते. विवाहित नायिकेला प्रेक्षकांची सहानुभूती मिळावी, म्हणून नवऱ्याला दोषी करावे लागले असणार. त्यात कादंबरीतली मोठी अडचण पुसली गेली: तिथे कोणीच पुरते खलनायक नाही, आणि म्हणून राजूचे वागणे आपल्याला जास्त टोचते.

शेवटाचेही तेच. गावकऱ्यांनी साधू मानलेला, पावसासाठीच्या उपोषणाने खंगलेला राजू नदीत उभा राहून म्हणतो की डोंगरात पाऊस पडतोय, तो पायांखाली जाणवतोय. आणि खाली कोसळतो. पाऊस खरेच आला का, तो मेला का, नारायण सांगत नाहीत. पडद्यावर पाऊस कोसळतो, राजूचा मृत्यू होतो, आणि रोझी व राजूची आईही आधीच येऊन पोहोचलेल्या असतात. कादंबरीतली रोझी शेवटी परत येत नाही.

चित्रपट मला आवडतो, त्यातली गाणी तर फारच. पण ढोंगी माणूस खरेच संत झाला का, हा प्रश्न मला कादंबरीनेच दिला.

– एक वाचक