बापू, तुझ्या घाण्याचा आराखडा वाचला

मिरज, रविवार

प्रिय बापू,

तुझे बारा कागद दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना शेजारी तुझी ती चुरगळलेली वही घेऊन बसलो, आणि खरं सांगू, आराखड्यापेक्षा वहीच जास्त आवडली. घाणा घ्यायच्या आधी दुसऱ्याच्या घाण्यावर ५० किलो शेंगदाणे गाळून चाळीस घरांत तेल देणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता. त्यातल्या बावीस घरांनी परत मागितलं, तेही भाव न विचारता. पेंडीला दोन गोठे आधीच बांधून ठेवलेस. लिटर म्हणजे किलो नव्हे, शेंगदाणा तेलाचं लिटर साधारण ९१० ग्रॅम भरतं, हेही धरलंस. नवखे इथेच घसरतात.

आता शिव्या.

पहिली आणि सगळ्यात मोठी खोट उताऱ्याची. तू ४६ टक्के धरलास. तो आकडा मशीनवाल्याच्या पत्रकातला आहे ना? दाण्यात तेल तेवढं असतं रे, पण लाकडी घाणा ते सगळं सोडत नाही. तो हळू फिरतो, तापत नाही, म्हणून तर चव राहते. आणि म्हणूनच पेंडीत तेल राहतं. पेंड मुठीत दाबून बघ, हात तेलकट होतो. तुझ्याच वहीत लिहिलंय: ५० किलोला पहिल्या दिवशी २०.७ किलो, तीन दिवस निवळून गाळ काढल्यावर २०. म्हणजे ४० टक्के झाले. आणि उतारा वाढवायला गडी पाण्याचा जास्त हबका मारायला लागला तर थांबव त्याला. मी पहिल्या वर्षी मारू दिला होता. तेल गढूळ राहिलं, महिन्याभरात खवट वास सुटला आणि सत्तर लिटर परत आलं.

हिशेब मांडून बघ. एका वेळी २० किलो, दिवसाला चार वेळा, महिन्याला २५ दिवस म्हणजे २००० किलो दाणे. तुझ्या आकड्याने ९२० किलो तेल, म्हणजे १०११ लिटर. खऱ्या उताऱ्याने ८०० किलो, ८७९ लिटर. १३२ लिटर कमी, ३४० रुपयांनी जवळपास ४५ हजार. पेंड थोडी वाढेल, तिचे पाच हजार परत येतील. तुझा महिन्याचा नफा ५२ हजार होता, तो १२ वर आला.

दुसरं म्हणजे खेळतं भांडवल. पान चारवर लिहिलंस, हंगामात सहा महिन्यांचे दाणे भरून ठेवणार. चांगलं आहे, पण १२ टन दाणे ११५ रुपयांनी १३ लाख ८० हजार होतात, आणि पान नऊवर हातातली रक्कम आहे दीड लाख! ही दोन पानं एकमेकांशी बोललेलीच नाहीत. त्यात अर्धं तेल दुकानांत ४५ दिवसांच्या उधारीवर, म्हणजे सव्वादोन लाख कायम बाहेर. दाणेवाला मात्र रोख मागणार. आणि छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेचं ३५ टक्के अनुदान तू पहिल्याच वर्षी पैसे म्हणून धरलंस. ते कर्जाशी जोडलेलं असतं, बँकेत तीन वर्षं अडकून राहतं, खातं नीट चालवलं तरच कर्जात वळतं होतं. त्यातून दाणे येत नाहीत. साठ्याचा नाद पहिल्या वर्षी सोड, महिन्याचाच माल घे, आणि मुदतकर्जाच्या अर्जासोबतच बँकेकडे पाच लाखांची सीसी, म्हणजे लागेल तसं उचलायचं आणि भरायचं कर्ज, माग. नंतर मागायला गेलास की मॅनेजर जुना ताळेबंद मागतो, आणि तो तुझ्याकडे नसतो.

तिसरी खोट छोटी दिसते. ‘गिऱ्हाईक किटली घेऊन येईल’ म्हणून पॅकिंगचा खर्च तू शून्य धरलास. पण २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत सुटं खाद्यतेल विकायला मनाई आहे. राज्याने सूट दिली तरच. म्हणजे मोहोरबंद बाटली, लेबल, परवाना क्रमांक, बॅच, तारीख हे सगळं आलं. मला बाटली, बूच, लेबल मिळून सोळा रुपये पडतात. ८७९ बाटल्यांचे १४ हजार, आणि तू दोन हजारांनी तोट्यात.

घाबरू नकोस. बावीस घरांनी भाव विचारला नाही, ते आठव. ३७० लाव. लिटरमागे तीस वाढले तर २६ हजार येतात, म्हणजे महिन्याला चोवीसेक हजार शिल्लक. पहिल्या वर्षाला हे कमी नाही, फक्त ५२ नाहीत. वहिनींना ५२ सांगून बसला असशील तर ते आधी निस्तर.

कर्जाचा अर्ज भरण्याआधी अजून एक खेप गाळून घे, दुसऱ्या व्यापाऱ्याच्या दाण्याची, आणि या वेळी तेलासोबत पेंड आणि गाळही तोलून लिही. पुढच्या रविवारी ती वही घेऊन ये. आराखडा नाही आणलास तरी चालेल.

तुझाच,
मिरजवाला