विषय : पंपाच्या पाइपातून तळघरातील गोदामात उलटे शिरलेले पाणी, आणि तुम्ही परस्पर बंद केलेली तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आमच्या चिपळूण बाजारपेठेतल्या तळघर गोदामातील तुमच्या ऑटोमॅटिक पंपाची तक्रार 'नैसर्गिक आपत्ती' म्हणून बंद केल्याचे काल तुमच्या माणसाने फोनवर सांगितले. ही आपत्ती नव्हती. २२ जुलै २०२१ चा पूर या गावाने पाहिला आहे, पूर म्हणजे काय ते आम्हाला फोनवर शिकवू नका. या वेळी वाशिष्ठी पात्रात होती आणि दुकानासमोरचा रस्ता मोकळा होता. फक्त गटार तुडुंब होते, आणि त्याचे पाणी तुमच्या पंपाच्या पाइपातून खाली आले.

१९ जुलैला पहाटे ५:४० वाजता शटर उघडले तेव्हा गोदामात ११ इंच पाणी होते. पॅनेलवर 'ऑटो'चा हिरवा दिवा जळत होता, पंप मात्र बंद. वरच्या मजल्यावरचा मेन स्विच लगेच पाडला आणि तुमच्या हेल्पलाइनला फोन लावला.

तिथे काय उत्तर मिळाले ते वाचा. "लाइट चालू करा, खाली जाऊन पॅनेलवरचे लाल बटण दाबून रीसेट करा." मी म्हटले, पॅनेल तळघरात आहे, खाली पाणी आहे, आणि भिंतीतला एक सॉकेट पाण्यात बुडाला आहे. त्यावर, "रबरी चप्पल घालून जा, काही होत नाही." पाण्यात उभ्या माणसाला चप्पल वाचवत नाही, हे पंप विकणाऱ्या कंपनीच्या माणसाला ठाऊक नाही? मी नकार दिल्यावर त्याने विचारले, "कोकणात राहता, तर तळघरात माल ठेवता कशाला?" अहो, तळघर आहे म्हणूनच तुमचा पंप घेतला! आमचा हमाल त्याच्या शब्दावर खाली उतरला असता तर आज हे पत्र पोलीस ठाण्यात गेले असते.

फोन संपेपर्यंत ६:२५ झाले होते आणि पाणी १४ इंचांवर गेले होते, म्हणजे पाव तासाला एक इंच. पंपाचा पाइप जिन्यापाशी वर येतो, तिथला गेट व्हॉल्व्ह बंद केला आणि पाण्याच्या रेषेवर भिंतीला खडूची खूण केली. सात वाजेपर्यंत पाणी खुणेच्या वर सुतभरही सरकले नाही. पाणी जमिनीतून झिरपत असते तर व्हॉल्व्ह बंद करून ते थांबले नसते.

गोदाम ४० बाय २५ फुटांचे आहे. १४ इंच म्हणजे साधारण ३३,००० लिटर. शेजाऱ्यांचा डिझेल पंप रस्त्यावरच ठेवला, कारण तळघरात इंजिन चालवले तर धुराने माणूस गुदमरतो. फूट व्हॉल्व्ह प्लास्टिकच्या जाळीदार क्रेटमध्ये बसवला आणि पाणी रस्त्यापलीकडच्या नाल्यात सोडले. मिनिटाला ४०० लिटरच्या हिशेबाने दीड तासाचे काम होते, पण भिजलेल्या खोक्यांचा लगदा क्रेटला चिकटत होता आणि तो काढायला दर वेळी पंप थांबवावा लागत होता. ७:४० ला सुरू केलेला उपसा ९:५० ला संपला.

माल ५ इंची पॅलेटवर होता. खालचा थर पूर्ण बुडाला आणि वरच्या पोत्यांनी ओल ओढून घेतली. तांदळाची २५ किलोची ४० पोती, साखरेची ५० किलोची १४, आमसुलाचे १० किलोचे ८ बॉक्स. खरेदी दराने १,०३,४०० रुपये. गटाराचे पाणी लागलेले धान्य वाळवून विकता येत नाही, आम्ही ते विकणारही नाही.

आता दोष. सगळे कोरडे झाल्यावर वायरमनने 'मॅन्युअल'वर घेताच पंप चालला, म्हणजे मोटर ठीक होती. फ्लोट स्विच कानाशी हलवला तर आत पाणी डुचमळत होते. जड झालेला फ्लोट वर तरंगतच नाही, मग पंपाला सुरू व्हायचा इशारा कुठून मिळणार?

दुसरा दोष त्याहून गंभीर आहे. आडव्या पाइपावरचा झडपेचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह तुमच्या तंत्रज्ञाने झाकण खाली करून बसवला आहे. बाण बरोबर दिशेला आहे, म्हणून पंप नीट चालतो आणि चूक कुणाच्या लक्षात येत नाही. पण झाकण वर असेल तरच झडप स्वतःच्या वजनाने मिटते. उलटा बसवला की ती उघडीच लोंबत राहते. पंप थांबला आणि गटार पाइपाच्या तोंडावर चढले की पाणी सरळ आत. हे तुमच्या कारखान्यात कुणालाही विचारा. व्हॉल्व्ह आम्ही काढलेला नाही. जागेवरचे फोटो सोबत आहेत, त्यात झाकण आणि बाण दोन्ही दिसतात.

पाणी तुमच्या पाइपातून आले, हे पुन्हा लिहितो, कारण फोनवर ते कुणी ऐकूनच घेतले नाही. तुमच्या नावावर विश्वास ठेवून दोन पैसे जास्त मोजले होते, त्याचे वाईट वाटते.

तक्रार पुन्हा उघडा, जाणकार इंजिनिअर पाठवून व्हॉल्व्ह त्याच्यासमोर काढा, फ्लोट बदला आणि मालाची भरपाई द्या. चप्पल घालून पाण्यात उतरायचा सल्ला देणाऱ्याला त्या फोनवरून उठवा. १५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल करीन.

आपला ग्राहक,
घाऊक किराणा व्यापारी, चिपळूण

सोबत : पंपाचे बिल, वॉरंटी कार्ड, मालाची खरेदी बिले, खडूच्या खुणेचे व व्हॉल्व्हचे फोटो